तीन आकड्यांत मावणारा जादूचा चौरस: n मितींची प्रत्येक व्हेक्टर स्पेस ℝⁿ सारखी का वागते

पंधराचं यंत्र बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. आडवी ओळ घ्या, उभी घ्या किंवा कर्ण घ्या, बेरीज पंधराच.

```
2 7 6
9 5 1
4 3 8
```

चीनमध्ये याला लो शू म्हणतात. आपल्याकडे नारायण पंडितांनी चौदाव्या शतकात अशा चौरसांचं गणित 'भद्रगणित' या नावाखाली मांडलं. समजा हा चौरस मला तुम्हाला फोनवर सांगायचा आहे. नऊ आकडे सांगायची गरज नाही. वरचा डावा कोपरा 2, वरचा उजवा कोपरा 6 आणि मधलं घर 5, एवढंच मी सांगेन. हा जादूचा चौरस आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर उरलेली सहा घरं तुम्ही स्वतः भराल, आणि ती एकाच तऱ्हेने भरता येतील.

आयसोमॉर्फिझम म्हणजे काय, हे या फोनवरच्या निरोपात दडलेलं आहे. पुस्तकात हा विषय बहुधा ℝ³ पासून ℝ³ पर्यंतच फिरतो. तिथे सगळंच आधीपासून निर्देशकांत लिहिलेलं असल्यामुळे प्रमेयाने नवं काय दिलं ते कळत नाही. म्हणून निर्देशकांचा मागमूस नसलेलं हे उदाहरण घेऊन एकेक पायरी चढू.

पहिली पायरी: ही व्हेक्टर स्पेस आहे का, ते तपासा

3×3 चे असे सगळे चौरस घ्या, ज्यांत तिन्ही आडव्या ओळी, तिन्ही उभ्या ओळी आणि दोन्ही कर्ण यांची बेरीज एकच येते. घरांत कोणतीही वास्तव संख्या चालेल: ऋण, अपूर्णांक, एकच संख्या पुन्हा पुन्हा, काहीही. या संचाला M म्हणू.

दोन चौरसांची बेरीज घराला घर मिळवून करायची. एकाच्या ओळींची बेरीज S आणि दुसऱ्याच्या ओळींची S′ असेल, तर नव्या चौरसात प्रत्येक ओळीची बेरीज S + S′ येते. म्हणजे तोही M मध्येच राहतो. चौरसाला k ने गुणलं की प्रत्येक ओळीची बेरीज kS होते, तेही चालतं. सगळी घरं शून्य असलेला चौरस M मध्ये आहेच. बेरजेचे बाकीचे नियम प्रत्येक घरात साध्या संख्यांचेच असल्याने आपोआप लागू होतात. M ही व्हेक्टर स्पेस आहे.

इथे एक चूक हमखास होते. "बेरीज पंधराच हवी" किंवा "1 ते 9 एकेकदाच हवेत" अशी अट आत शिरते. तसं केलं तर संच व्हेक्टर स्पेस राहत नाही, कारण पंधरा बेरजेचे दोन चौरस मिळवले की तीस येतात. तपासायची सोपी खूण म्हणजे शून्य चौरस: तो संचात बसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: किती आकडे पुरतात, ते शोधा

वरचा डावा कोपरा p, वरचा उजवा q आणि मधलं घर c म्हणू. मधल्या घरातून जाणाऱ्या चार ओळी आहेत: मधली आडवी, मधली उभी आणि दोन कर्ण. या चारही ओळी मिळवल्या तर 4S होतात. पण या बेरजेत चौरसाचं प्रत्येक घर एकदा येतं, फक्त मधलं घर चारदा. सगळ्या घरांची बेरीज 3S आहे, म्हणून

4S = 3S + 3c, म्हणजेच S = 3c.

आता उरलेली घरं पटापट भरतात. कर्णावरून खालचा उजवा कोपरा 2c − p आणि खालचा डावा 2c − q. मग बाजूंची मधली घरं:

```
p            3c − p − q    q
c − p + q    c             c + p − q
2c − q       p + q − c     2c − p
```

आठही ओळींची बेरीज 3c येते, एकदा स्वतः करून पाहा. याचा अर्थ दुहेरी आहे. प्रत्येक जादूचा चौरस या रूपात येतो, आणि p, q, c साठी कुठल्याही तीन संख्या घेतल्या तरी चौरस बनतोच. p = 2, q = 6, c = 5 ठेवलं की पंधराचं यंत्र समोर उभं राहतं.

मिती नुसती मोजून काढायचा मोह इथे धोका देतो. नऊ अज्ञातं, आठ ओळी सारख्या म्हणजे सात समीकरणं, म्हणून मिती दोन, असा हिशोब अनेक जण वहीत मांडतात. प्रत्यक्षात मिती तीन आहे. आडव्या ओळींची एकूण बेरीज आणि उभ्या ओळींची एकूण बेरीज ही एकाच चौरसाची बेरीज असल्यामुळे सातांपैकी एक समीकरण फुकटचं आहे. समीकरणं मोजून मिती काढायची असेल तर ती परस्परांपासून स्वतंत्र आहेत ना, हे आधी पाहावं लागतं.

तिसरी पायरी: बेसिस हातात घ्या

p, q, c पैकी एकाला 1 आणि बाकीच्यांना 0 देऊन तीन चौरस मिळतात.

```
A:             B:             C:
 1 −1  0        0 −1  1       0  3  0
−1  0  1        1  0 −1       1  1  1
 0  1 −1       −1  1  0       2 −1  2
```

कोणताही चौरस pA + qB + cC असा लिहिता येतो, म्हणजे हे तिघे सगळ्या M ला व्यापतात. आणि pA + qB + cC हा शून्य चौरस असेल, तर त्याचे दोन कोपरे आणि मधलं घर शून्य, म्हणजे p = q = c = 0. म्हणून ते रेषीय स्वतंत्र आहेत. व्यापणं आणि स्वतंत्र असणं या दोन गुणांचं मिळून नाव बेसिस.

चौथी पायरी: नेणारा आणि आणणारा रस्ता

इथे मी खास उदाहरण सोडून सर्वसाधारण प्रमेय सिद्ध करतो, कारण यापुढे चौरसांची गरजच उरत नाही. V ही कोणतीही वास्तव व्हेक्टर स्पेस असू दे, आणि v₁, v₂, …, vₙ ही तिची बेसिस. ℝⁿ कडून V कडे जाणारा रस्ता असा ठरवा:

F(a₁, a₂, …, aₙ) = a₁v₁ + a₂v₂ + … + aₙvₙ

F रेषीय आहे, त्यासाठी बेसिसचीही गरज नाही. दोन यादींची बेरीज केली की सहगुणक मिळवले जातात, आणि V मध्येही तेच होतं. k ने गुणण्याचंही तसंच.

F आच्छादक आहे, म्हणजे V मधला प्रत्येक व्हेक्टर कुठल्या ना कुठल्या यादीतून येतो. हे म्हणजे v₁…vₙ सगळ्या V ला व्यापतात एवढंच विधान, फक्त वेगळ्या शब्दांत.

F एकास-एक आहे. F(a) = F(b) असेल तर (a₁ − b₁)v₁ + … + (aₙ − bₙ)vₙ = 0. स्वतंत्रतेमुळे प्रत्येक कंस शून्य, म्हणजे a आणि b एकच यादी.

बेसिसच्या व्याख्येत दोन अटी का आहेत, याचं खरं उत्तर मला इथे सापडतं. एक अट F ला आच्छादक करते, दुसरी एकास-एक. पहिली मोडली तर काही व्हेक्टरना निर्देशकच मिळत नाहीत. दुसरी मोडली तर एकाच व्हेक्टरला दोन पत्ते मिळतात.

परतीचा रस्ता, म्हणजे V कडून ℝⁿ कडे जाणारा F⁻¹, आपोआप रेषीय असतो. u = F(a) आणि w = F(b) असतील तर u + w = F(a + b). म्हणून u + w चा पत्ता a + b, म्हणजे दोघांच्या पत्त्यांची बेरीज. संख्येने गुणण्याचंही हेच. असा दोन्हीकडून रेषीय, एकास-एक आणि आच्छादक रस्ता म्हणजे आयसोमॉर्फिझम.

यातला 'रेषीय' हा शब्द हलक्यात घेऊ नये. १८७७ मध्ये कॅन्टरने दाखवलं की रेषेवरच्या आणि प्रतलावरच्या बिंदूंची एकास-एक जोडी लावता येते. नुसती जोडी लागली म्हणून दोन स्पेस सारख्या धरल्या, तर मितीला काही अर्थच उरणार नाही. बेरीज आणि संख्येने गुणणं, दोन्ही सांभाळायची अट घातली की चित्र बदलतं. आयसोमॉर्फिझम एका स्पेसची बेसिस उचलून दुसरीची बेसिस बनवतो, आणि एका स्पेसच्या सगळ्या बेसिसमध्ये व्हेक्टरांची संख्या सारखीच असते. म्हणून ℝ² आणि ℝ³ यांच्यात असा रस्ता निघत नाही.

उलट, मिती सारखी असलेल्या दोन स्पेस ℝⁿ च्या मध्यस्थीने जोडल्या जातात: पहिलीकडून ℝⁿ कडे या, तिथून दुसरीकडे जा. दोन किंवा त्याहून कमी घात असलेल्या बहुपदींची स्पेस तीन मितींची आहे. म्हणून पंधराचं यंत्र आणि 2 + 6x + 5x² हे दोघेही (2, 6, 5) या एकाच यादीची दोन रूपं आहेत. चौरसांची बेरीज करा, बहुपदींची करा किंवा याद्यांची करा, हिशोब तोच.

निर्देशक चुकीचे निवडले तर

कोणतीही तीन घरं निर्देशक म्हणून चालत नाहीत. मधल्या आडव्या ओळीची तीन घरं घेऊन पाहा. मोजणी बरोबर वाटते: तीन मिती, तीन आकडे. पण A आणि B मिळवले तर हा चौरस येतो:

```
 1 −2  1
 0  0  0
−1  2 −1
```

मधली ओळ सगळी शून्य, पण चौरस शून्य नाही. म्हणजे हा चौरस आणि शून्य चौरस यांचा पत्ता एकच झाला. कारणही लगेच दिसतं: त्या ओळीची बेरीज 3c असते, त्यामुळे दोन टोकं मिळून नेहमी 2c होतात आणि तिसरा आकडा नवीन काही सांगत नाही. कुठलाही रस्ता आयसोमॉर्फिझम आहे का, अशी शंका आली की मी आधी हेच शोधतो: शून्याकडे जाणारा, पण स्वतः शून्य नसलेला एखादा व्हेक्टर सापडतो का? सापडला तर रस्ता बाद. दोन्ही बाजूंची मिती सारखी आणि सांत असेल, तर एवढी एक तपासणी पुरते, कारण अशा वेळी एकास-एक असलेला रेषीय रस्ता आच्छादकही असतोच.

पाचवी पायरी: प्रश्न तिकडे न्या, उत्तर इकडे आणा

आता याचा उपयोग. पंधराचं यंत्र घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मग पुन्हा फिरवा. मूळ चौरसाला L, पहिल्या फेऱ्यानंतरच्याला L₁ आणि दुसऱ्यानंतरच्याला L₂ म्हणू.

```
L:           L₁:          L₂:
2 7 6        4 9 2        8 3 4
9 5 1        3 5 7        1 5 9
4 3 8        8 1 6        6 7 2
```

प्रश्न असा: या तिघांपासून जगातला प्रत्येक 3×3 जादूचा चौरस बनवता येईल का? चौरसांकडे बघत बसलं तर सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. पत्ते लिहिले की प्रश्न नेहमीचा होतो. L चा पत्ता (2, 6, 5), L₁ चा (4, 2, 5), L₂ चा (8, 4, 5). या तीन ओळींचा निर्धारक काढा:

2(10 − 20) − 6(20 − 40) + 5(16 − 16) = −20 + 120 + 0 = 100

शून्य नाही, म्हणून तिघे ℝ³ ची बेसिस आहेत, आणि आयसोमॉर्फिझममुळे चौरसही M ची बेसिस आहेत. उत्तर होय.

खात्री करायला एक अवघड चौरस घेऊ. याची नऊही घरं मूळ संख्या आहेत आणि प्रत्येक ओळीची बेरीज 177 आहे.

```
 17  89  71
113  59   5
 47  29 101
```

पत्ता (17, 71, 59). हवं ते xL + yL₁ + zL₂, म्हणजे

2x + 4y + 8z = 17
6x + 2y + 4z = 71
5x + 5y + 5z = 59

दुसऱ्या समीकरणाच्या दुपटीतून पहिलं वजा केलं की 10x = 125, म्हणून x = 12.5. मग पहिल्यावरून y + 2z = −2 आणि तिसऱ्यावरून y + z = −0.7. यातून z = −1.3 आणि y = 0.6.

आपण फक्त तीन घरं जुळवली आहेत. बाकीची सहा न जुळवताच जुळायला हवीत, प्रमेयाचं म्हणणं तेच आहे. मधल्या ओळीचं डावं घर पाहा: L मध्ये 9, L₁ मध्ये 3, L₂ मध्ये 1. 12.5 × 9 + 0.6 × 3 − 1.3 × 1 = 112.5 + 1.8 − 1.3 = 113. बरोबर.

यातच आणखी एक गोष्ट दिसली. L चा पत्ता आधी (2, 6, 5) होता. L, L₁, L₂ ही बेसिस धरली तर त्याच चौरसाचा पत्ता (1, 0, 0) होतो. चौरस तोच, पत्ता बेसिसवर ठरतो. "V म्हणजेच ℝⁿ" असं म्हणताना बेसिस कोणती, हे सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

काय टिकतं, काय टिकत नाही

आयसोमॉर्फिझम बेरीज आणि संख्येने गुणणं या दोनच गोष्टी सांभाळतो, आणि त्यांतून निघणाऱ्या सगळ्या: स्वतंत्रता, मिती, समीकरणांची उकल. गुणाकाराची हमी तो देत नाही. बहुपदींचा गुणाकार होतो, पण तो चौरसांकडे नेला तर तिथे त्याला कसलाही नैसर्गिक अर्थ नाही. तसंच ही सगळी गोष्ट सांत मितीची आहे. सर्व घातांच्या बहुपदी एकत्र घेतल्या तर कोणताच n पुरत नाही.

लांबीचीही हमी नाही, आणि तिथे मात्र थोडं थांबायला हवं. चौरसाची लांबी म्हणजे नऊ घरांच्या वर्गांची बेरीज (खरं तर तिचं वर्गमूळ, पण वर्गच पाहू) असं धरलं, तर L साठी ती 1² + 2² + … + 9² = 285 येते. फिरवलं तरी आकडे तेच राहतात, म्हणून L₁ साठीही 285. पण पत्त्यांवरून मोजलं तर L ला 4 + 36 + 25 = 65 आणि L₁ ला 16 + 4 + 25 = 45. चौरस नुसता फिरवला आणि "लांबी" बदलली. दोष A, B, C या बेसिसचा: A आणि C एकमेकांना काटकोनात नाहीत.

म्हणून C काढून टाका आणि त्याच्या जागी सगळी घरं 1 असलेला चौरस E घ्या. E हा A + B + C च आहे, त्यामुळे E, A, B हीसुद्धा बेसिसच राहते. घराला घर गुणून बेरीज केली तर A आणि B चा गुणाकार शून्य येतो. E शी दोघांचाही शून्यच, कारण A आणि B यांच्या घरांची एकूण बेरीज शून्य आहे. तिघे आता परस्परांना काटकोनात आहेत. E च्या घरांच्या वर्गांची बेरीज 9, A आणि B ची प्रत्येकी 6.

नव्या बेसिसमध्ये पत्ता सोपा आहे: E चा सहगुणक c, A चा p − c, B चा q − c. L साठी तो 5, −3, 1 येतो. लांबीचा वर्ग 9 × 25 + 6 × 9 + 6 × 1 = 225 + 54 + 6 = 285. L₁ साठी सहगुणक 5, −1, −3, आणि पुन्हा 225 + 6 + 54 = 285.

फिरवण्याकडेही आता बघा. फिरवल्यावर खालचा डावा कोपरा वरच्या डाव्या जागी येतो आणि वरचा डावा वरच्या उजव्या जागी जातो. म्हणून (p, q, c) चं (2c − q, p, c) होतं. A आणि B चे सहगुणक α आणि β म्हटले, तर नवा α = c − q = −β आणि नवा β = p − c = α. E चा सहगुणक जागचा हलत नाही. (α, β) चं (−β, α) होणं म्हणजे प्रतलात बरोबर नव्वद अंशांचा फेरा. कागदावर चौरस पाव फेरा फिरतो, तेव्हा ℝ³ मध्ये त्याचा बिंदू E च्या अक्षाभोवती पाव फेरा घेतो. पंधराच्या यंत्राची फिरवून आणि आरशात पाहून होणारी आठही रूपं त्या प्रतलात (±3, ±1) आणि (±1, ±3) या आठ बिंदूंवर, एकाच वर्तुळावर बसलेली दिसतात.